कागदाचा पांढरा आणि स्क्रीनचा पांढरा

फोटो छापून आल्यावर काळा दिसतो, ही तक्रार छपाईशी संबंध आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते. तक्रार करणारा आधी प्रिंटरवर संशय घेतो, मग शाईवर, मग प्रोफाइलवर, म्हणजे यंत्राचे रंग संगणकाला समजावणाऱ्या नोंदीवर. शेवटी तो फाइल उघडून सगळा फोटो थोडा उजळ करतो आणि पुन्हा छापायला देतो. या साखळीत एका वस्तूकडे कोणाचंच लक्ष जात नाही, ती म्हणजे ज्या मॉनिटरवर बघून हा सगळा निर्णय घेतला तो मॉनिटर. तो किती प्रखर आहे आणि त्याचा पांढरा नेमका कसा पांढरा आहे, हे कोणी विचारत नाही.

कागद स्वतः उजेड देत नाही. त्याच्यावर जो दिवा पडतो त्यातला काही भाग तो परत पाठवतो, बस्स. म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधी काढलेला कागदी नमुना, किती उजळ आहे या प्रश्नाला एकट्याने काही अर्थच नाही. कुठल्या दिव्याखाली, हे सांगितल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. मॉनिटरचं उलट आहे. त्याचा दिवा त्याच्या पोटातच असतो आणि खोलीत काळोख असो की ऊन, तो आपल्याच जोरात जळत राहतो. या दोघांना शेजारी ठेवून ‘सारखे दिसा’ म्हणायचं असेल, तर आधी कागदावरचा उजेड ठरवावा लागतो आणि मग मॉनिटरला त्याच्यापाशी आणावं लागतं. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं बिघडतं. मी ज्यांना ज्यांना हे काम शिकवलं त्यांना पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, की कागद हा मालक आहे, मॉनिटरने त्याचं ऐकायचं.

माझ्याकडे काही काळ काम शिकलेला एक तरुण फोटोग्राफर मध्यंतरी एका पुस्तकासाठी फोटो तयार करत होता. त्यात खिडकीशी बसलेल्या एका वृद्ध बाईंचा फोटो होता. पांढरे कपडे, मागे चुन्याने रंगवलेली भिंत, चेहऱ्याच्या एका बाजूला मऊ सावली. असा फोटो अवघड असतो, कारण त्यात सगळा खेळ पांढऱ्याच्या पाच-सहा छटांचा असतो. त्याचा फोन आला, “ताई, प्रूफ काळं आलंय. आणि भिंत निळी दिसतेय. मी फाइल उजळून परत पाठवू का?” मी म्हटलं, फाइलला हात लावू नकोस, मी येते.

त्याच्याकडे तयारी चांगली होती. प्रूफ बघायला डी५० या ठरवून दिलेल्या पांढऱ्या उजेडाचा टेबलदिवा होता, त्याचा उजेड कमी-जास्त करता येत होता, मॉनिटरही चांगल्यापैकी होता. फक्त मॉनिटर खोक्यातून काढला तेव्हा ज्या प्रखरतेवर होता तिथेच होता. आणि बहुतेक मॉनिटर खोक्यातून निघतात ते दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावेत अशा बेताने.

पहिलं काम प्रखरतेचं. इथे थोडं गणित येतं, पण ते सोपं आहे आणि एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं. कागदावर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. कागद त्यातला साधारण ८८ टक्के परत फेकतो आणि तो सगळ्या दिशांना पसरतो, म्हणून पायने भागायचं. जे उत्तर येतं ते दर चौरस मीटरला इतके कँडेला, म्हणजे मॉनिटरची प्रखरता ज्या एककात सांगतात त्याच एककात. प्रूफ बघण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात, आयएसओ ३६६४ मध्ये, दोन पातळ्या दिलेल्या आहेत. बारकाईने तुलना करायची तर २००० लक्स आणि रोजच्या नजरेने बघायचं तर ५०० लक्स. ५०० घेऊन हिशेब केला तर ५०० × ०.८८ ÷ ३.१४, म्हणजे १४० कँडेला. २००० लक्सखाली तोच कागद ५६० कँडेलाचा होतो. तिथपर्यंत नेहमीचा मॉनिटर पोचत नाही. छापखान्यातल्या मोठ्या दिव्याखालचं प्रूफ आणि टेबलावरचा मॉनिटर एकमेकांशी का जुळत नाहीत, याचं अर्धं उत्तर या एका आकड्यात आहे. मॉनिटरशी जुळवायचं असेल तर दिवा मंद करावाच लागतो.

लक्समीटर नसेल तर कॅमेरा आहेच. मी त्याला त्याचाच कॅमेरा आणायला सांगितला. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८, स्पॉट मीटरिंग. दिव्याखाली प्रूफचा न छापलेला कोपरा धरला, कॅमेरा कागदाशी काटकोनात, आणि मीटर मध्यावर आला तेव्हा शटर होतं १/१३ सेकंद. मग मॉनिटरवर कोरी पांढरी खिडकी उघडली, स्क्रीनची जाळी फोटोत उतरू नये म्हणून फोकस मुद्दाम घालवला आणि पुन्हा बघितलं. १/४० सेकंद. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, आणि या दोन आकड्यांमध्ये दीड-पावणेदोन स्टॉपचं अंतर आहे. म्हणजे त्याचा मॉनिटर कागदाच्या तिपटीहून जास्त उजळ होता. आयएसओ १०० आणि एफ ८ वर एक सोय अशी, की शटरच्या खालच्या आकड्याला आठने गुणलं की साधारण कँडेला मिळतात. कागद १०४, मॉनिटर ३२०. कॅमेऱ्याचं मीटर कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे असतं, तेव्हा या आकड्यांना दहा-पंधरा टक्क्यांची सूट द्यावी. पण आपल्याला खरं तर आकडा नको आहे, फरक हवा आहे, आणि एकाच कॅमेऱ्याने दोन्ही मोजल्यावर फरक खरा निघतो.

तिप्पट उजळ स्क्रीनवर बसून त्याने त्या फोटोतल्या सावल्या ठरवल्या होत्या. बाईंच्या गालाखालचा अंधार त्याला स्क्रीनवर छान उघडा दिसत होता, म्हणून त्याने तो तसाच गडद ठेवला. कागदावर तोच अंधार तिपटीने कमी उजेडात आला आणि बुजला. फाइल चुकली नव्हती, छपाईही चुकली नव्हती. आणि अशा वेळी फाइल उजळली तर काय होतं? त्या एका दिव्याखाली ती ठीक दिसते, पण पुस्तक खिडकीजवळ नेऊन उघडलं की भिंतीचे पांढरे फटफटीत दिसतात आणि चुन्याचा पोत नाहीसा झालेला असतो.

मॉनिटरचा ब्राइटनेस, म्हणजे मागच्या दिव्याचा जोर, आम्ही शटर १/१३ वर येईपर्यंत खाली आणला. हे फक्त मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी करायचं. संगणकाच्या सेटिंगमधून उजेड कमी करता येतो, पण त्यात दिवा तसाच राहू शकतो आणि रंगांच्या पायऱ्या कमी होतात, मग आकाशासारख्या सलग भागात पट्टे दिसायला लागतात. दिवाही नीट बघून घेतला. तो टेबलाच्या इतका जवळ होता की प्रूफचा वरचा काठ दिव्यापासून हातभर आणि खालचा काठ त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. अशा कागदाच्या कुठल्या भागाशी मॉनिटर जुळवणार? दिवा उंच आणि लांब नेला, उजेड वाढवून पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आणला, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मोजलं. मध्ये आणि कोपऱ्यात एक तृतीयांश स्टॉपपेक्षा जास्त फरक राहू नये, असं मी बघते. दिव्याचा उजेड मॉनिटरच्या काचेवर येत नाही ना, हेही बघायचं. काळी खिडकी उघडून तिच्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं का ते तपासलं की कळतं. लाल किंवा पिवळा शर्ट घालून अशा कामाला बसू नये हा जुन्या लोकांचा नियम त्यासाठीच आहे, शर्टाचा रंग काचेवर उतरतो आणि सावल्यांत मिसळतो.

ब्राइटनेस खाली आणल्यावर तो म्हणाला, “हे फारच मंद झालं.” प्रत्येक जण हेच म्हणतो. डोळा तिप्पट उजेडाला सरावलेला असतो, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. आम्ही खोलीतला बाकीचा उजेड कमी केला आणि काही मिनिटं दुसरं बोलत बसलो. नंतर त्याने फोटो उघडला तेव्हा गालाखालची सावली स्क्रीनवरही बुजलेली होती, अगदी प्रूफसारखी. तो काही बोलला नाही, फक्त प्रूफकडे आणि स्क्रीनकडे आळीपाळीने बघत राहिला.

मग भिंतीच्या निळेपणाकडे वळलो. या कामाचा हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे यंत्र आणि डोळा यांचं पटत नाही आणि दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

त्याचा मॉनिटर ५००० केल्विनवर होता. पांढरा किती पिवळट की निळसर हे केल्विनमध्ये सांगतात, आकडा वाढला की पांढरा निळ्याकडे जातो. प्रूफ बघण्याचा प्रमाणित उजेड डी५०, म्हणजे साधारण ५००० केल्विन, तेव्हा मॉनिटरही ५००० वर ठेवला की झालं, असा हिशेब. वरवर बिनचूक वाटणाऱ्या या हिशेबात एक भोक आहे. ५००० चा आहे तो दिवा, कागद नव्हे. दिव्याचा उजेड कागदावर पडून परत येतो तेव्हा त्यात कागदाचा स्वतःचा रंग मिसळलेला असतो. आजच्या बहुतेक गुळगुळीत छपाई-कागदांत चमक आणणारी रसायनं घातलेली असतात. ती दिव्यातला अतिनील भाग शोषून घेतात आणि निळ्या प्रकाशाच्या रूपात परत देतात, कपडे धुण्याच्या पावडरीतल्या अशाच रसायनांनी पांढरे कपडे जसे उठून दिसतात तसं. म्हणून असा कागद डी५० दिव्याखाली दिव्यापेक्षा निळसर दिसतो.

किती निळसर, हेही सांगता येतं. गुळगुळीत कागदावरच्या ऑफसेट छपाईसाठी फोग्रा५१ नावाचं जे प्रमाण वापरतात, त्यात कोऱ्या कागदाचा रंग लॅब आकड्यांत ९५, १.५, उणे ६ असा दिलेला आहे. पहिला आकडा उजळपणाचा, दुसरा किंचित गुलाबीकडे, तिसरा निळ्याकडे. हे आकडे डी५० खालच्या क्रोमॅटिसिटीत, म्हणजे उजळपणा वगळून फक्त रंग सांगणाऱ्या दोन आकड्यांत, मांडले तर एक्स ०.३३८ आणि वाय ०.३४७ येतात. डी५० दिव्याचे स्वतःचे आकडे ०.३४५७ आणि ०.३५८५ आहेत. कागदाचा पांढरा ५००० नसून सव्वापाच हजार केल्विनच्या वर गेलेला आहे, शिवाय दिवसाच्या उजेडाच्या रेषेपेक्षा जरासा गुलाबी बाजूला आहे. मॉनिटर बरोबर ५००० वर आणि शेजारी हा कागद, म्हणजे मॉनिटर पिवळट आणि कागद निळसर दिसणारच. भिंत निळी छापलेली नव्हती, भिंतीतून कागद दिसत होता.

हेच दिव्याबद्दलही उलटं घडतं. साध्या एलईडी दिव्यात अतिनील भाग जवळपास नसतोच. त्याखाली ती रसायनं झोपून राहतात आणि तोच कागद पिवळट वाटतो. दिवा बदलला की कागदाचा पांढरा बदलतो. म्हणून प्रूफ घरी एका दिव्याखाली आणि छापखान्यात दुसऱ्याखाली बघून वाद घालण्यात काही हशील नाही.

मग मॉनिटरला ०.३३८ आणि ०.३४७ चे आकडे दिले की काम संपावं. ते बऱ्यापैकी जवळ येतं, पण अनेकदा अगदी जुळत नाही, आणि याचं कारण मला नेहमी विलक्षण वाटतं. आपली सगळी रंगमापक यंत्रं ज्या ‘प्रमाणित डोळ्या’च्या हिशेबाने चालतात तो १९३१ मध्ये ठरवला गेला, आणि तो राइट आणि गिल्ड या दोन इंग्रज संशोधकांनी तपासलेल्या एकूण १७ माणसांच्या नजरेची सरासरी आहे. कागदावरून येणारा उजेड रुंद, सगळ्या लहरींचा असतो. एलईडी मॉनिटरचा पांढरा मात्र लाल, हिरवा, निळा अशा तीन अरुंद शिखरांचा बनलेला असतो, आणि विस्तृत रंगांच्या मॉनिटरमध्ये ती शिखरं आणखीच टोकदार असतात. यंत्राच्या हिशेबाने दोन्ही पांढरे एक निघाले तरी तुमचा डोळा त्या सरासरीपासून जितका वेगळा, तितका फरक तुम्हाला दिसणार. माझ्यात आणि त्या मुलात जवळजवळ पिढीचं अंतर. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं. आम्हा दोघांना तोच मॉनिटर थोडा वेगळा दिसत होता आणि दोघंही खोटं बोलत नव्हतो.

म्हणून शेवटचं पाऊल डोळ्याने टाकायचं असतं. फक्त ते शिस्तीने टाकायचं.

प्रूफच्याच कागदाचा कोरा तुकडा घ्यायचा. कॉपीचा कागद चालत नाही, त्याचा पांढरा निराळा असतो. मॉनिटरवर तेवढ्याच आकाराची पांढरी खिडकी, भोवती मधला करडा. कागदाच्या मागेही करडा पुठ्ठा. मेनू, पट्ट्या, चिन्हं सगळी झाकून टाकायची, कारण स्क्रीनवर दुसरा कुठला पांढरा असला की डोळा त्यालाच धरून बसतो. मॉनिटर निदान अर्धा तास चालू असलेला हवा. मग कागदाकडे मिनिट-दोन मिनिटं शांतपणे बघायचं आणि नजर झटकन स्क्रीनवर न्यायची. पहिल्या एक-दोन सेकंदांत जे वाटतं तेच खरं. त्यानंतर डोळा जुळवून घ्यायला लागतो आणि हळूहळू दोन्ही सारखे वाटायला लागतात, ते ऐकायचं नाही.

पहिला प्रश्न एवढाच: स्क्रीन जास्त निळी की जास्त पिवळी? मॉनिटरच्या मेनूत लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आकडे असतात. त्यातला निळा खालीवर करायचा. माझी पद्धत अशी की बरोबर जागा थेट शोधायचीच नाही. त्याच्या मॉनिटरवर आम्ही निळा उतरवत नेला, स्क्रीन निःसंशय पिवळी दिसेपर्यंत. आकडा ८४. मग चढवत नेला, निःसंशय निळी होईपर्यंत. ९४. मधला ८९ ठेवला. ‘आता बरोबर वाटतंय का’ या प्रश्नाचं उत्तर डोळा नीट देत नाही, पण ‘आता नक्की चुकलंय का’ याचं उत्तर तो फार पक्कं देतो, आणि दोन पक्क्या चुकांच्या मध्ये बरोबर जागा सापडते.

दुसरा प्रश्न हिरवं-गुलाबीचा. हा बहुतेकांकडून सुटतो, कारण केल्विनच्या आकड्यात तो येतच नाही. ५४०० केल्विन म्हटलं तरी त्यात हिरवट पांढरा बसतो आणि गुलाबी पांढराही बसतो. माणसाचा डोळा या दिशेला फार चोखंदळ असतो, थोडा हिरवटपणा आला की चेहरे आजारी दिसायला लागतात. आमची स्क्रीन कागदाशेजारी किंचित हिरवी होती. हिरवा शंभरावरून ९७ केला, गुलाबीपणा दिसला, ९८ वर ठेवला. उलट परिस्थिती असती, म्हणजे स्क्रीन गुलाबी असती, तर हिरवा वर चढवण्याऐवजी लाल आणि निळा दोन्ही थोडे उतरवले असते. शंभराच्या वर काहीही ढकलायचं नाही, तिथे उजळ भागातले बारकावे एकमेकांत मिसळून जातात. आणि प्रत्येक वेळी रंग उतरवला की एकूण उजेडही उतरतो, तेव्हा पुन्हा मागच्या दिव्याचा जोर किंचित वाढवून प्रखरता कागदाशी मिळवून घ्यायची. प्रखरता थोडी जरी कमी असली तरी पांढरा करडा आणि मळका भासतो आणि आपण उगाच रंगात चूक शोधत बसतो. उजेड, रंग, पुन्हा उजेड, हा क्रम एक-दोन फेऱ्यांत स्थिरावतो.

मग यंत्र हातात घ्यायचं. जुळलेल्या त्या पांढऱ्यावर मापक ठेवला. एक्स ०.३३५, वाय ०.३४६, म्हणजे सुमारे ५४०० केल्विन. गणिताने सांगितलेल्या कागदाच्या पांढऱ्याच्या अगदी शेजारी, पण त्याहून जरा निळा. प्रखरता १०५. हेच आकडे लक्ष्य म्हणून कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरला दिले, त्याच्याकडून करड्यांची सगळी रांग या पांढऱ्याशी सरळ करून घेतली आणि नवं प्रोफाइल बनवलं. इथे मापकाचा खरा उपयोग आहे. कुठला पांढरा बरोबर हे तो आपल्याला सांगू शकत नाही, पण आपण ठरवलेला पांढरा पुढच्या महिन्यात मॉनिटर सरकल्यावर नेमका परत आणून देतो. हिशेबाने काढलेल्या आकड्यांवर तसंच काम करायला काही हरकत नाही असं म्हणणारे जाणकार आहेत. मला ते पटत नाही. ज्याला रोज कागद आणि स्क्रीन शेजारी ठेवून बसायचं आहे, त्याच्या डोळ्याला पटलेला पांढरा हाच त्याच्या कामाचा पाया असतो.

यानंतर एक सापळा आहे आणि तो चांगल्या जाणत्या माणसांनाही गाठतो. फोटोशॉपमध्ये प्रूफचा देखावा दाखवणारी सोय आहे आणि तिच्यात Simulate Paper Color असा एक चौकोन आहे. तो टिचकी मारून चालू केला की सॉफ्टवेअर मॉनिटरचा पांढरा हा आदर्श पांढरा धरतं आणि त्यावर कागदाचा मळकेपणा व निळेपणा चढवून दाखवतं. मॉनिटर तटस्थ डी५० वर असेल तर ते योग्यच आहे. पण आपण मॉनिटरलाच कागद बनवलं आहे. त्यावर पुन्हा कागद चढवला तर निळेपणा दोनदा मोजला जातो आणि फोटो धुरकट, थंड दिसतो. तेव्हा दोन वाटांपैकी एकच धरायची. एक तर मॉनिटरचा पांढरा कागदाशी जुळवा आणि हा चौकोन बंद ठेवा, किंवा मॉनिटर डी५० वर ठेवा आणि चौकोन चालू करा. दुसऱ्या वाटेत फोटोभोवतीचे मेनू आणि पट्ट्या कागदापेक्षा उजळ राहतात, त्यामुळे फोटो सतत मळका भासतो, पूर्ण स्क्रीनवर करडी पार्श्वभूमी घेतली तरच ती वाट चालते. मी पहिली धरते. त्या मुलाच्या संगणकावर तो चौकोन चालू होता, तो बंद केला. त्याच्या खालचा Simulate Black Ink मात्र चालू ठेवला, कारण काळ्याचा प्रश्न अजून शिल्लक होता.

पांढरा जुळला म्हणजे काळा जुळला असं होत नाही. चांगल्या चमकदार कागदावर सर्वांत गडद काळा पांढऱ्याच्या साधारण दीडशेव्या ते दोनशेव्या भागाइतका उजळ असतो, मॅट कागदावर चाळिसाव्या भागाच्या आसपास. मॉनिटरचा काळा हजाराव्या भागावर असतो. म्हणून पांढरे तंतोतंत जुळलेले असतानाही स्क्रीनवरच्या सावल्या खोल आणि कागदावरच्या पातळ दिसतात. काळ्या शाईची नक्कल चालू ठेवली की स्क्रीनवरचा काळा कागदाच्या काळ्याइतका वर उचलला जातो. काही व्यावसायिक मॉनिटरमध्ये काळ्याची पातळीच ठरवून देता येते, ते आणखी बरं.

तपासताना मी फोटो शेवटी उघडते. आधी कोरा पांढरा, मग करड्यांची पायऱ्यांची पट्टी, जी प्रूफवरही छापलेली असते. पांढरा आणि सगळे करडे एकाच दिशेने रंगलेले असतील तर व्हाइट पॉइंट, म्हणजे स्क्रीनचा पांढरा, अजून जुळलेला नाही. पांढरा जुळतो पण मधलेच करडे स्क्रीनवर उजळ किंवा गडद आहेत, तर ब्राइटनेसला हात लावायचा नाही, दोष कॅलिब्रेशनच्या वक्रात किंवा प्रोफाइलमध्ये आहे. फक्त खालच्या दोन-तीन गडद पायऱ्या वेगळ्या असतील तर काचेवर उजेड येतोय किंवा काळ्याची पातळी चुकली आहे. आणि पांढरा जुळून प्रूफचेच करडे रंगीत दिसत असतील, तर प्रूफच तपासायला परत द्यावं. प्रूफच्या कडेला छापलेली रंगपट्टी त्यासाठीच असते, ती मोजून प्रूफ प्रमाणात आहे की नाही हे ठरतं. प्रूफ खरं आहे याची खात्री नसताना मॉनिटर त्याच्याशी जुळवणं म्हणजे सगळी मेहनत वाया. ताज्या इंकजेट प्रूफच्या बाबतीत तर शाई वाळेपर्यंत थांबावंच, पहिल्या काही तासांत रंग हलत असतो.

शेवटी त्या बाईंचा फोटो उघडला. भिंत आता स्क्रीनवरही तितकीच थंड होती जितकी कागदावर, आणि त्यामुळे ती निळी वाटेनाशी झाली. डोळ्याने कागदाचा पांढरा स्वीकारला की त्यावरचा चुना चुन्यासारखा दिसतो. सावल्या खरोखरच जड होत्या, त्या मात्र त्याने आता उघडल्या. फोटो सरसकट उजळला नाही, फक्त गालाखालचा आणि मानेचा भाग थोडा वर उचलला, कपड्यांच्या पांढऱ्यांना स्पर्शही केला नाही. पुढचं प्रूफ आलं तेव्हा त्याने दोन्ही शेजारी ठेवून फोन केला आणि गालाखालच्या सुरकुत्या दोन्हीकडे मोजता येतात असं सांगितलं.

काही गोष्टी तरीही जुळल्या नाहीत आणि जुळणारही नाहीत. छपाईतला शुद्ध निळसर-हिरवा रंग साध्या एसआरजीबी मॉनिटरच्या आवाक्याबाहेर असतो, तो स्क्रीनवर फिकाच राहणार. कागदाची चकाकी आणि पोत स्क्रीनवर येत नाही. मान थोडी बाजूला केली तर कागद तसाच राहतो, मॉनिटरचा रंग मात्र सरकतो, तेव्हा बसण्याची जागा ठरलेली हवी.

पुस्तकानंतर त्याला त्याच फोटोंचं प्रदर्शन करायचं होतं, रसायन नसलेल्या जाड सुती मॅट कागदावर. त्या कागदाचा पांढरा डी५० दिव्यापेक्षाही पिवळा निघाला आणि पुस्तकासाठी जुळवलेला मॉनिटर त्याच्याशेजारी बर्फासारखा निळा दिसला. तेव्हा कोऱ्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात केली. प्रदर्शनाच्या भिंतीवर जितका उजेड असणार तितकाच दिवा लावला, निळा उतरवत उतरवत पक्का पिवळा आणि पक्का निळा शोधले, मधे थांबलो, मोजलं, वेगळं प्रोफाइल बनवलं. आता त्याच्या मॉनिटरच्या मेनूत दोन जागा भरलेल्या आहेत आणि प्रत्येकीला त्याने कागदाचं आणि दिव्याचं नाव दिलं आहे.